पीआर दर ठोक्याला वेगळा येतोय: चूक मोजणाऱ्याची, पट्टीची की हृदयाची?

ईसीजीची एकच पट्टी तिघींच्या हातात दिली, लीड टूमध्ये पीआर इंटरव्हल मोजायला सांगितला. एकीला चार लहान चौकोन आले, दुसरीला पाच, तिसरीला दोन. वेगळी पट्टी मोजणारी चौथी म्हणते, पहिल्या ठोक्याला सहा आणि तिसऱ्याला दहा येतात, मग सरासरी आठ लिहू का? नर्सिंगच्या प्रत्येक बॅचमध्ये हा घोळ होतो. उत्तर तीनपैकी एका ठिकाणी असतं: मोजायला सुरुवात आणि शेवट चुकीच्या जागी धरलाय, पट्टीच खराब निघाली आहे, किंवा पीआर खरोखरच बदलतोय आणि हृदय काहीतरी सांगतंय. तिसऱ्या प्रकारात सरासरी काढली की निदानच पुसलं जातं. म्हणून क्रम पाळायचा: आधी मोजणं तपासा, मग पट्टी, आणि दोन्ही निर्दोष निघाली की मगच हृदयाकडे बोट दाखवा.

चौकोन मोजण्याआधी

पट्टीच्या कडेला `25 mm/s 10 mm/mV` छापलेलं असतं, ते आधी वाचा. कागदाच्या या वेगाला एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच लहान चौकोनांचा एक मोठा चौकोन म्हणजे ०.२० सेकंद. उंचीत दहा लहान चौकोन म्हणजे एक मिलिव्होल्ट. पट्टीच्या सुरुवातीला दिसणारा चौकोनी खांब बरोबर दहा चौकोन उंच हवा. कोणी चुकून वेग `50 mm/s` ठेवला असेल तर सगळं आडवं ताणलं जातं. चार चौकोनांचा पीआर आठ दिसतो, क्यूआरएस रुंद भासतो आणि ठोके निम्मे निघतात. रुग्णाच्या मनगटावर नाडी ऐंशी लागते आणि पट्टीवर चाळीस येते, तर औषधाच्या ट्रेकडे धावण्याआधी कागदाच्या वेगाचा हा आकडा बघा.

ठोक्यांचा वेग काढायला, ठोके एकसारखे असतील तर दोन आर लहरींमधले लहान चौकोन मोजा आणि १५०० ला त्या संख्येने भागा. वीस चौकोन असतील तर मिनिटाला ७५. ठोके अनियमित असतील तर हा हिशोब फसतो, कारण प्रत्येक जोडीला वेगळं उत्तर येतं. तेव्हा तीस मोठे चौकोन, म्हणजे सहा सेकंद, मोजून घ्या, त्यातले क्यूआरएस मोजा आणि दहाने गुणा.

पीआर कुठून कुठे

पी लहर म्हणजे विद्युत लाट वरच्या दोन कप्प्यांतून, अलिंदांतून, पसरणं. क्यूआरएस म्हणजे तीच लाट खालच्या निलयांतून पसरणं. मधल्या वाटेवर एव्ही नोड ती लाट मुद्दाम थोडी अडवून धरतो, म्हणजे अलिंदांतलं रक्त निलयांत उतरायला वेळ मिळतो. पीआर इंटरव्हलमध्ये हा सगळा प्रवास येतो. म्हणून तो पी लहर जिथे मूळ रेघ सोडते तिथून सुरू होतो आणि क्यूआरएसचं पहिलं टोक जिथे रेघ सोडतं तिथे संपतो. ते पहिलं टोक खाली गेलेलं असेल, म्हणजे क्यू लहर असेल, तर क्यूच्या सुरुवातीलाच थांबायचं. प्रौढांत ३ ते ५ लहान चौकोन, म्हणजे ०.१२ ते ०.२० सेकंद, हे नेहमीचं.

आता वरच्या तिघींकडे पाहा. चार सांगणारी बरोबर आहे. पाच सांगणारी आर लहरीच्या शेंड्यापर्यंत गेली. शेंडा डोळ्यांत भरतो, त्यामुळे ही चूक सर्वांत जास्त होते आणि साधारण एक चौकोन वाढवते. दोन सांगणारीने पी संपल्यापासून मोजलं. तो सपाट तुकडा पीआर सेगमेंट असतो, इंटरव्हल नव्हे. नावात एका शब्दाचा फरक आहे, पण पी लहरीची अख्खी रुंदी त्यात गळून पडते.

यावर साधा उपाय कागदाच्या कडेचा. कोऱ्या कागदाची सरळ कड मूळ रेघेवर ठेवा, पीच्या सुरुवातीला आणि क्यूआरएसच्या सुरुवातीला पेन्सिलीने खूण करा, आणि तो कागद सरकवून चौकोनांच्या जाड रेघेपासून मोजा. छापलेल्या रेघेलाही जाडी असते, म्हणून दोन्ही खुणा रेघेच्या त्याच कडेला करा. एवढं केल्यावर अर्ध्या चौकोनाचा फरक आला तर त्यावर वाद घालू नका. एक चौकोन किंवा त्याहून जास्त फरक ठोक्यागणिक येत असेल तर मात्र पुढे वाचा.

लीड टू निवडतात कारण पी तिथे बहुधा छान उभी दिसते. पण कधी कधी पीचा किंवा क्यूआरएसचा पहिला भाग एखाद्या लीडमध्ये सपाट असतो आणि पीआर खोटाच लहान दिसतो. म्हणून दोन-तीन लीड्समध्ये मोजून सर्वांत मोठा पीआर खरा धरा. पीआर तीन चौकोनांपेक्षा कमी येत असेल आणि क्यूआरएसचा पाया तिरका, हळूहळू चढणारा असेल, तर सुरुवात नेमकी सापडत नाही याला कारण डेल्टा लहर असू शकते. ती पट्टी डॉक्टरांना दाखवा.

बाकीच्या मोजमापांवर फार रेंगाळत नाही. क्यूआरएस तीन चौकोनांपेक्षा अरुंद हवा. क्यूटी क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी लहर संपेपर्यंत. तो ठोक्यांच्या वेगाने बदलतो, म्हणून सेकंदातल्या क्यूटीला आर-आर अंतराच्या वर्गमुळाने भागून दुरुस्त क्यूटी काढतात. तो ०.५० सेकंदांच्या वर गेला तर लगेच कळवायचं.

पट्टीच खराब असेल तर

कोकणात ही पायरी ओलांडून चालत नाही. मे-जूनच्या दमट हवेत रुग्ण घामाने निथळत येतो, पावसाळ्यात भिजून येतो, आणि कित्येकांच्या अंगाला खोबरेल तेल चोपडलेलं असतं. तेलावर क्लॅम्प आणि चेस्ट बल्ब नीट धरत नाहीत. घामावर धरतात, पण घसरतात. मूळ रेघ वरखाली डुलायला लागली की पी कुठे सुरू झाली हेच ठरत नाही आणि मोजणाऱ्याला दर ठोक्याला नवा पीआर मिळतो. आधी कोरड्या कापडाने पुसा, मग स्पिरिटच्या बोळ्याने तेल काढा, वाळू द्या, आणि मगच जेली लावा. बांगड्या मनगटाच्या वर सरकवा, म्हणजे क्लॅम्प कातडीवर बसेल. छातीवर जेलीचा लांब पट्टा ओढू नका. व्ही वन, व्ही टू, व्ही थ्रीची जेली एकमेकींना भिडली तर तिन्ही लीड्स सारख्याच दिसायला लागतात.

रेघ थरथरत असेल तर दोष कुठल्या हातापायाचा हे पट्टीच सांगते. लीड वन उजवा आणि डावा हात यांच्यात मोजते, लीड टू उजवा हात आणि डावा पाय, लीड थ्री डावा हात आणि डावा पाय. वन आणि टू थरथरतायत आणि थ्री स्वच्छ आहे, तर दोन्हींत सामाईक असलेला उजवा हात तपासा. वन आणि थ्री खराब असतील तर डावा हात. टू आणि थ्री खराब असतील तर डावा पाय. सगळीकडेच बारीक, एकसारखी करवतीची धार असेल तर ती बहुधा विजेची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे एका मोठ्या चौकोनात अशा दहा लाटा बसतात. मोजून खात्री करता येते. त्या वेळी उजव्या पायाचा काळा क्लॅम्प बघा, कारण तो अर्थिंगसारखा काम करतो. खाटेला टेकलेली वायर, शेजारचा पंप, चार्जरला लावलेला मोबाईल दूर करा. फिल्टरचं बटण शेवटी दाबायचं, कारण फिल्टर पी आणि क्यूआरएसचे कोपरेही घासून टाकतो.

लीड वनमध्ये पी, क्यूआरएस आणि टी तिन्ही उलटे, आणि एव्हीआरमध्ये सगळं उभं, असं दिसलं तर हातांच्या वायरी आलटून लागल्याची शंका घ्या. उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी, उजव्या पायाला काळी, ही आपल्याकडच्या बहुतेक मशीनची रंगसंगती. हात आलटले की लीड टू आणि थ्री यांचीही अदलाबदल होते, म्हणजे टू म्हणून तुम्ही भलतीच लीड मोजत बसता.

एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा: लाल विंचू चावलेला रुग्ण. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर आयुष्यभर काम केलं आणि प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला. असा रुग्ण घामाने चिंब, हातपाय गार, अंगाला कंप आणि नाडी वेगात, अशा अवस्थेत येतो. पट्टी घाण निघते आणि वेगामुळे पी आधीच्या टीवर चढून बसते. १५० च्या वेगाला आर-आरमध्ये जेमतेम दहा लहान चौकोन उरतात. अशा वेळी पी नाही असं लिहू नका. टी लहरीच्या उतारावर दर ठोक्याला त्याच जागी टेंगूळ दिसतं का बघा, नाहीतर व्ही वनमध्ये शोधा. कंप थांबला की पट्टी पुन्हा काढा.

मोजणं बरोबर, पट्टी स्वच्छ, तरी पीआर बदलतो

इथून पुढे हृदयाची बाब सुरू होते. पहिलं काम: पी ते पी अंतर. कागदाच्या कडेवर लागोपाठच्या दोन पींच्या खुणा करा आणि तो कागद पट्टीभर सरकवा. प्रत्येक पी खुणेवर बसते का? जिथे बसायला हवी तिथे पी दिसत नसेल तर ती क्यूआरएसमध्ये किंवा टीमध्ये लपली आहे का ते पाहा. एखादी पी खुणेच्या आधीच, टीच्या अंगावर आली असेल आणि तिच्यामागे क्यूआरएस नसेल, तर तो अकाली आलेला आणि अडलेला अलिंदाचा ठोका असतो, एव्ही नोडच्या वाटेवरचा ब्लॉक नव्हे. पीच नसतील आणि आर-आर कसेही असतील तर एट्रियल फिब्रिलेशन. मग पीआर मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. तरुण माणसात श्वासाबरोबर ठोके कमी-जास्त होतात, पण तिथे पीआर जागचा हलत नाही.

पी वेळेवर येतायत आणि पीआर बदलतोय, तर आता फक्त आर-आर बघा. पीआर बदलतो आणि आर-आरही बदलतो, मध्ये एक मोठा खंड पडतो, तर दुसऱ्या दर्जाचा पहिल्या प्रकारचा ब्लॉक, म्हणजे वेंकेबाख. पीआर बदलतो पण आर-आर तंतोतंत सारखा, तर तिसऱ्या दर्जाचा, म्हणजे पूर्ण ब्लॉक. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी रात्रपाळीत पट्टी उलगडते. पीआर सगळीकडे सारखा असून एखादा क्यूआरएस अचानक गळतो, तो दुसऱ्या दर्जाचा दुसरा प्रकार. त्यात पीआर बदलत नाही, म्हणून चाचपडायला होत नाही. पण तो पूर्ण ब्लॉकमध्ये केव्हाही जाऊ शकतो.

एक केस, चौकोनांसकट

सरावासाठी तयार केलेली केस घेऊ. तळकोकणातलं ग्रामीण रुग्णालय, पस्तिशीची बाई, बिट्टीची म्हणजे पिवळ्या कण्हेरीची बी पोटात गेली आहे, उलट्या चालू आहेत. बिट्टीत डिजॉक्सिनच्या जातीची द्रव्यं असतात. ती एव्ही नोडची वाट मंद करतात आणि रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकतात. परिणाम काही तासांनीही वाढत जातो, म्हणून एक पट्टी चांगली निघाली यावर विसंबत नाहीत. मॉनिटर लावून ठेवतात आणि पट्ट्या पुन्हा पुन्हा काढतात.

पहिली पट्टी: आर-आर २० चौकोन, वेग ७५. पीआर ४ चौकोन, ०.१६ सेकंद. क्यूआरएस २ चौकोन. क्यूटी ९ चौकोन, ०.३६ सेकंद, आर-आर ०.८० सेकंद, त्याचं वर्गमूळ ०.८९, म्हणून दुरुस्त क्यूटी सुमारे ०.४०. सगळं ठीक.

दुसरी पट्टी: आर-आर २७ चौकोन, वेग ५६ च्या आसपास. पीआर प्रत्येक ठोक्याला ७ चौकोन, ०.२८ सेकंद. एकही क्यूआरएस गळलेला नाही. हा पहिल्या दर्जाचा ब्लॉक. इथे चुकीला जागा अशी की, प्रत्येक ठोक्याला सातच येतात म्हणून विद्यार्थिनी नियमित असं लिहून मोकळी होते. नियमित आहे, पण वाढलेला आहे, आणि पहिल्या पट्टीपेक्षा तीन चौकोनांनी वाढलाय. एकट्या आकड्यापेक्षा हा फरक महत्त्वाचा. तो डॉक्टरांना सांगायचा.

तिसरी पट्टी म्हणजे वरच्या चौथीचा घोळ. पी-पी सगळीकडे २२ चौकोन. पीआर ६, मग ९, मग १०, मग एक पी एकटीच, तिच्यामागे क्यूआरएस नाही. पुन्हा ६, ९, १०, आणि गळती. आर-आर मोजले तर २५, २३ आणि ४०. हे आकडे एकमेकांशी जुळतात का ते तपासता येतं, आणि तपासावंच. पहिल्यांदा पीआर तीनने वाढला, म्हणून आर-आर २२ अधिक ३, म्हणजे २५. दुसऱ्यांदा एकने वाढला, म्हणून २३. खंडात दोन पी-पी, म्हणजे ४४, पण खंडानंतरचा पीआर दहावरून सहावर आला, म्हणून ४ वजा, ४०. तिघांची बेरीज ८८, आणि चार पी-पींची बेरीजही ८८. बेरीज जुळली म्हणजे मोजणं बरोबर आणि एकही पी नजरेतून सुटलेली नाही. जुळली नाही तर आधी कागद-पेन्सिल पुन्हा लावा.

या पट्टीवर ६, ९, १० यांची सरासरी काढली की आठच्या थोडी वर येते, आणि तो आकडा पट्टीवर कुठेच नाही. मशीन वरच्या कोपऱ्यात छापतं त्या पीआरचीही हीच गत. अशा पट्टीवर तो आकडा विश्वासाचा नसतो. वेगही एकाच आर-आरवरून काढू नका. पंचवीस धरले तर ६०, चाळीस धरले तर ३८. खरा सरासरी वेग ८८ चौकोनांत तीन ठोके, म्हणजे ३.५२ सेकंदांत तीन, मिनिटाला ५१.

चौथी पट्टी: पी-पी २० चौकोन, सगळ्या वेळेवर. आर-आर ३६ चौकोन, तेही सगळे सारखे, वेग ४२. क्यूआरएस अरुंदच. प्रत्येक क्यूआरएसच्या आधीच्या पीपासून मोजलं तर ५, १, १७, १३, ९, पुन्हा ५. पाचवरून एक, एकवरून सतरा, पुढे चार-चारने उतार. वेंकेबाखमध्ये गळतीपर्यंत पीआर वाढत जातो, इथे तसं नाही. शिवाय आर-आर ढळत नाही. वरचे कप्पे ७५ च्या गतीने, खालचे ४२ च्या गतीने, दोघांचा संबंध तुटला. हा पूर्ण ब्लॉक. जिथे पीआर एक चौकोन येतो तिथे पी क्यूआरएसला चिकटलेली असते, आणि घाईत वाचणारी ती क्यूआरएसचाच भाग समजून तिथे पी नाही असं लिहिते. पी-पीचा कागद सरकवला असता तर ती सापडली असती.

इथे आणखी पट्ट्या काढत बसायची वेळ नव्हे. रुग्णाचं भान, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन बघा, डॉक्टरांना लगेच बोलवा, शिरेची वाट चालू आहे याची खात्री करा, पोटॅशियमचा नमुना पाठवला नसेल तर आठवण द्या, ॲट्रोपिन आणि डिफिब्रिलेटर खाटेपाशी आणा. औषध डॉक्टरांच्या आदेशानेच द्यायचं. तात्पुरत्या पेसमेकरची सोय नसेल तर १०८ वरून मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची तयारी त्याच वेळी सुरू होते, आणि चारही पट्ट्या रुग्णाबरोबर जातात.

फोनवर सांगताना "पीआर वाढलाय" एवढं पुरत नाही. असं सांगा: "सर, बिट्टीची पेशंट. पी-पी वीस चौकोन, आर-आर छत्तीस, दोन्ही नियमित, पीआर दर ठोक्याला वेगळा. वेग बेचाळीस, क्यूआरएस अरुंद. आधीच्या पट्टीत वेंकेबाख होता. बीपी घेतलंय, आकडा सांगते." पलीकडच्या माणसाला पट्टी न बघता चित्र उभं राहतं.

प्रत्येक पट्टीवर नाव, तारीख, वेळ आणि त्या वेळची तक्रार लिहा. लिहायला बॉलपेन वापरा, आणि स्पिरिटचा ओला बोळा त्या कागदाजवळ ठेवू नका. हा थर्मल कागद असतो; उष्णतेने, स्पिरिटने आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात राहूनही छपाई खराब होते, आणि दमट कपाटात ठेवलेल्या केसपेपरात काही काळाने पी लहरी दिसेनाशा होतात. म्हणून पट्टीची झेरॉक्स त्याच दिवशी काढून केसपेपरला जोडा.